अर्धवट राहिलेल्या गेमचा ढीग: कुठून सुरुवात करायची आणि रस कसा टिकवायचा

अर्धवट गेम संपवायला बसलेले बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. यादी झकास तयार होते. त्यातला सगळ्यात नावाजलेला गेम उघडला जातो, आठ महिन्यांपूर्वीची सेव्ह लोड होते आणि समोर शत्रू उभा असताना मारायचं बटण कुठलं हेच आठवत नाही. दोनदा मरायचं, मग मेनू चाळायचा, मग मोबाइल हातात घ्यायचा. तो गेम दुसऱ्यांदा सुटतो आणि यादीतल्या बाकीच्यांना हात लावायची इच्छाही त्याच्याबरोबर जाते.

म्हणून इथे सगळा भर परत येण्यावर आहे. आधी कोणता गेम घ्यायचा, घेण्यापूर्वी काय तयारी करायची, पहिली बैठक कशी घालवायची आणि उठताना काय लिहून ठेवायचं, एवढंच. क्रम बदलू नका. बहुतेकांचं गणित क्रम उलटा केल्यानेच बिघडतं: आधी डाउनलोड, मग खेळ, आणि विचार सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी एक खेळाडू धरू. सांगलीत विश्रामबागला राहतो, कुपवाड एमआयडीसीत जनरल शिफ्ट आहे, घरी ५१२ जीबी एसएसडीचा लॅपटॉप आणि ४० एमबीपीएसचं ब्रॉडबँड. स्टीमवर ५८ गेम आणि एपिकवर फुकट मिळालेले ३८, असे एकूण ९६. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी दीड-दीड तास आणि रविवारी चार तास, म्हणजे हाताशी सात तास. पुढचे सगळे आकडे याच सात तासांवर बसवले आहेत. तुमचे तास वेगळे असतील तर तेवढे बदलून घ्या.

## टप्पा १: यादी करा, पण त्या दिवशी खेळू नका

एक तास बाजूला काढा आणि कागद घ्या. स्टीमच्या लायब्ररीत सगळ्या गेमच्या रांगेवर `Sort By` असतं, तिथे `Last Played` निवडा. आता गेम शेवटच्या खेळलेल्या तारखेप्रमाणे लागतील. ज्यावर एक तासापेक्षा जास्त वेळ गेला आहे तेवढेच कागदावर उतरवा. कधीच न उघडलेले गेम या यादीत घ्यायचे नाहीत. ते अर्धवट नाहीत, नुसते विकत घेतलेले आहेत, आणि त्यांच्यामुळेच आकडा भीतीदायक दिसतो. आपल्या खेळाडूच्या ९६ पैकी एकदा तरी उघडलेले निघाले ३१, आणि तासापेक्षा जास्त खेळलेले १९. म्हणजे कामाचा ढीग १९ गेमचा आहे.

कागदावर चार रकाने आखा: नाव, झालेले तास, कुठे थांबलो, का सुटला. तिसरा रकाना आठवणीवर भरा. आठवत नसेल तर रिकामा सोडा. गेम उघडून बघायचा मोह होईल, तो टाळा. एक उघडला की संध्याकाळ त्यातच जाते आणि यादी पाचव्या नावावर थांबते.

तपासणी: तास संपला आणि यादी अपुरी राहिली, तरी थांबा. जे गेम आठवले नाहीत ते आज घ्यायचेच नव्हते.

## टप्पा २: "का सुटला" हा रकाना नीट भरा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि लोक नेमका हाच वगळतात. "वेळ नव्हता" हे उत्तर चालणार नाही, कारण त्याच काळात तुम्ही दुसरं काहीतरी खेळत होता. खरी कारणं चारच असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

अडकलात. एखादा बॉस किंवा एखादं कोडं पार होईना म्हणून सुटला. अशा गेमला वेळ द्यायची गरज नसते, एका ठिकाणचा तोडगा लागतो. उदाहरणार्थ होलो नाइटमध्ये मँटिस लॉर्ड्सपाशी खूप जण थांबतात. तिथेच डोकं आपटत राहण्यापेक्षा मँटिस क्लॉ हातात आल्यावर सिटी ऑफ टिअर्सकडे जा, शहराच्या पश्चिम भागात नेलस्मिथ आहे. पहिली धार लावायला तो २५० जिओ, म्हणजे गेममधली नाणी, घेतो, आणि तेवढ्यात तलवारीचा मार ५ वरून ९ वर जातो. तीच लढाई जवळपास निम्म्या फटक्यांत संपते. गेम कठीण होता असं वाटत असतं, प्रत्यक्षात तुम्ही तिथे लवकर पोहोचलेले असता.

पसरलात. नकाशावरचं प्रत्येक चिन्ह पुसायला गेलात आणि कथा मागे राहिली. मोठ्या ओपन वर्ल्ड गेममध्ये हेच कारण असतं. उपाय म्हणजे कात्री, ती टप्पा ६ मध्ये येते.

तुटलात. परीक्षा, गणपती, घरचं लग्न, शिफ्ट बदलली, आणि मध्ये दोन महिने गेले. गेम आवडत होता. हे सगळ्यात सोपे गेम आहेत, यांच्याकडे फक्त नीट परतावं लागतं.

आवडलाच नाही. सेलमध्ये स्वस्त मिळाला, मित्रांनी सांगितलं, म्हणून घेतला. यांना आजच यादीतून काढा. गेमवर राइट-क्लिक करून `Add to` मध्ये नवीन कलेक्शन बनवा, नाव द्या "सोडले", आणि सगळे तिथे टाका. अनइन्स्टॉल करा, सेव्ह मात्र राहू द्या.

कारण आठवत नसेल तर एक युक्ती आहे. स्टीमवर त्या गेमची अचीव्हमेंट यादी उघडा आणि जगभरातल्या खेळाडूंची टक्केवारी बघा. कथेतल्या अचीव्हमेंट क्रमाने वाचत गेलात की टक्केवारी कुठेतरी एकदम खाली आलेली दिसते. तुमची शेवटची अचीव्हमेंट त्याच्या आसपास असेल तर तिथे गेमच मंदावतो, आणि तो भाग ओलांडला की पुढे बरं असू शकतं. टक्केवारी सावकाश उतरत असेल तर अडचण त्या जागेची नाही.

आपल्या खेळाडूच्या १९ मध्ये आवडले नाहीत असे ७, अडकलेले ४, पसरलेले ३ आणि तुटलेले ५ निघाले. खरं काम उरलं १२ गेमचं.

सावधान: "पैसे दिलेत म्हणून संपवायचा" असा गेम चौथ्या गटातून बाहेर काढू नका. ढिगातला सगळा रस असाच एखादा गेम खातो.

## टप्पा ३: सेव्ह सांभाळा, मगच डाउनलोडला हात लावा

जुनी सेव्ह गेली तर पुढचे टप्पे वाचण्यात अर्थ नाही. आपल्याकडे सेव्ह बहुधा तीन प्रकारे जाते.

पहिला प्रकार म्हणजे फॉरमॅट. दुकानात लॅपटॉप दिला की डी ड्राइव्ह राखतात आणि सी ड्राइव्ह पुसतात. गेम डी वर असला तरी सेव्ह बहुतेक वेळा सी ड्राइव्हच्या `Documents`, `Saved Games` किंवा लपलेल्या `AppData` फोल्डरमध्ये असते. गेम जागेवर राहतो आणि सेव्ह जाते. दुरुस्तीला देण्याआधी सेव्ह बाहेर काढा. कोणत्या गेमची सेव्ह कुठे असते हे `PCGamingWiki` वर गेमच्या नावाने शोधलं की मिळतं. द विचर ३ साठी कमांड अशी:

```
xcopy "%USERPROFILE%\Documents\The Witcher 3\gamesaves" "D:\SaveBackup\Witcher3" /E /I
```

विंडोजमध्ये वनड्राइव्ह चालू असेल तर `Documents` चा पत्ता `%USERPROFILE%\OneDrive\Documents` असा झालेला असतो. कमांडने फोल्डर सापडत नाही असं सांगितलं तर आधी तिथे बघा.

दुसरा प्रकार क्लाउडचा. बऱ्याच दिवसांनी किंवा दुसऱ्या मशीनवर गेम चालू केला की स्टीम विचारतं, या मशीनवरची सेव्ह ठेवू की क्लाउडवरची? इथे घाईत एन्टर मारणारे खूप आहेत. दोन्हींसमोरची तारीख आणि वेळ वाचा. नुकताच इन्स्टॉल करून दोन मिनिटं उघडलेला गेम "नवीन" सेव्ह तयार करून बसलेला असतो. ती निवडली की २० तासांची सेव्ह तिच्याखाली पुसली जाऊ शकते. शंका असेल तर खिडकी बंद करा, सेव्ह फोल्डरची कॉपी काढा, मग उत्तर द्या.

तिसरा प्रकार विजेचा. पावसाळ्याच्या तोंडावर वळीव आला की लाइट जाते आणि डेस्कटॉप सेव्ह लिहीत असतानाच बंद पडतो. फाइल अर्धी लिहिली जाते. यूपीएस असेल तर प्रश्नच नाही, त्याची पाच-सात मिनिटं सेव्ह करून बंद करायला पुरतात. नसेल तर मॅन्युअल सेव्ह दोन वेगवेगळ्या जागी आलटूनपालटून करत जा, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी राहते. होलो नाइटसारख्या गेममध्ये मॅन्युअल सेव्हच नसते, तिथे आठवड्यातून एकदा फोल्डरची कॉपी काढणं हाच उपाय:

```
%USERPROFILE%\AppData\LocalLow\Team Cherry\Hollow Knight
```

गावभागासारख्या सखल भागात राहणाऱ्यांनी ही कॉपी घरातल्या दुसऱ्या डिस्कवर न ठेवता गूगल ड्राइव्हवर ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं, आणि कॅबिनेट आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाखाली असतील तर दोन्ही एकदम भिजतात. सेव्ह फाइल काही एमबीची असते, मोबाइलच्या डेटावरही चढते.

## टप्पा ४: दोनच गेम निवडा, आणि ते एका जातीचे नसावेत

एका वेळी दोन गेम चालू ठेवा. एक मोठा, कथेचा, आणि एक छोटा, ज्याची बैठक अर्ध्या तासात पूर्ण होते. हेडीझसारखा गेम यासाठी उत्तम, एक फेरी साधारण अर्ध्या तासाची असते आणि मध्ये आठवडा गेला तरी काही विसरत नाही. थकून आलेल्या बुधवारी मोठा गेम उघडायची इच्छा नसते. छोटा नसेल तर त्या दिवशी काहीच होत नाही, आणि असे चार दिवस गेले की मोठाही सुटतो.

दोन ओपन वर्ल्ड एकत्र कधीच घेऊ नका. एकात स्पेसबार म्हणजे लोळण, दुसऱ्यात उडी. हाताची सवय दोन्हीकडे मोडते आणि दोन्ही गेम जड वाटायला लागतात. खूप जणांना हा कंटाळा आहे असं वाटतं, खरं तर तो बोटांचा गोंधळ असतो.

मोठा गेम निवडताना पहिला मान "तुटलेल्या" गटाला द्या, त्यातही ज्याची सेव्ह सर्वांत ताजी आहे त्याला. "अडकलेला" दुसऱ्या क्रमांकावर. "पसरलेला" पहिल्याच खेपेला घेऊ नका.

आता तास मोजा. `HowLongToBeat` वर प्रत्येक गेमचे तीन आकडे मिळतात: फक्त मुख्य कथा, कथा आणि जोडीचं काही, आणि सगळंच. पहिला आकडा धरा. इथे नेहमीची चूक म्हणजे त्यातून आपले झालेले तास वजा करणं. द विचर ३ ची मुख्य कथा ५० तासांच्या आसपास आहे. आपल्या खेळाडूचे २२ तास झालेत म्हणून २८ उरले असं होत नाही, कारण त्या २२ मधले बरेच तास ग्वेंट हा गेममधला पत्त्यांचा खेळ खेळण्यात आणि नकाशावरची प्रश्नचिन्हं पुसण्यात गेलेत. तास सोडा आणि कथेतली जागा बघा. तो बॅरनचा भाग संपवून नोव्हिग्राडमध्ये डँडेलियनला शोधतो आहे, म्हणजे कथेचा साधारण एक तृतीयांश झाला. उरले ३३ तास. आठवड्याच्या सात तासांपैकी सहा मोठ्या गेमला धरले तर साडेपाच आठवडे. निवडक जोडीच्या क्वेस्ट धरून सात आठवडे म्हणा.

सात आठवडे हा आकडा पटत नसेल तर तो गेम आज घेऊ नका. आठ-दहा तासांचा घ्या. पोर्टल २ किंवा सेलेस्टे अशा मापाचे आहेत. पहिला संपलेला गेम लहान असला तर पुढच्या मोठ्याला हात घालायला सोपं जातं.

डाउनलोड आत्ता लावा, पण रात्री. ५० जीबीचा गेम ४० एमबीपीएसवर पूर्ण वेग मिळाला तरी पावणेतीन तास घेतो. खेळायला बसल्यावर अपडेट सुरू झालं तर तीच संध्याकाळ वाया जाते, म्हणून आदल्या दिवशी गेम उघडून मुख्य मेनूपर्यंत जाऊन या.

तपासणी: द विचर ३ ला डिसेंबर २०२२ मध्ये ४.० ची मोठी अपडेट आली. त्याआधीची सेव्ह नव्या आवृत्तीत उघडते, पण नव्या आवृत्तीत केलेली सेव्ह जुन्यात उघडत नाही. जुने मॉड लावलेले असतील तर काढा, बरेचसे चालत नाहीत आणि गेम सुरूच होत नाही. लॅपटॉप जुना असेल आणि अचानक अडखळायला लागला असेल तर सुरू करताना डायरेक्टएक्स १२ ऐवजी ११ निवडा.

## टप्पा ५: परतीची पहिली बैठक, चाळीस मिनिटं

या बैठकीत कथा पुढे न्यायची नाही. एवढं एक पाळलंत तर निम्मे गेम दुसऱ्यांदा सुटणार नाहीत.

आधी प्रश्न येतो, नव्याने सुरू करू का? नको. सुरुवातीचे सहा-सात तास तुम्हाला ठाऊक आहेत, ते दुसऱ्यांदा खेळताना उत्साह असतो, आणि जुन्या जागेपर्यंत पोहोचेपर्यंत तो संपतो. नव्याने सुरू करणारे बहुधा दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा अलीकडेच थांबतात. दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल किंवा अख्खा गेमच सहा-आठ तासांचा असेल तरच पहिल्यापासून घ्या.

द विचर ३ वर हे चाळीस मिनिटांचं काम असं बसतं.

पहिली दहा मिनिटं, बटणं. सेव्ह लोड करा आणि लगेच एक वेगळी मॅन्युअल सेव्ह करा. ही तुमची खूण, हिच्यावर पुन्हा लिहायचं नाही. लोडिंगच्या पडद्यावर डँडेलियनच्या आवाजात आतापर्यंतची कथा येते, ती घाईत पुढे ढकलू नका. मग कागदावर सहाच बटणं लिहा: लेफ्ट क्लिक हलका वार, शिफ्ट आणि लेफ्ट क्लिक जड वार, `Alt` म्हणजे झुकांडी, `Space` म्हणजे लोळण, `Q` म्हणजे साइन, `Tab` म्हणजे साइन निवडायचं चक्र. सगळी बटणं पाठ करायला बसू नका, बाकीची हात लागला की आठवतात.

पुढची दहा, सोपी मारामारी. झटपट प्रवासाच्या पाट्यांवरून व्हाइट ऑर्चर्ड या सुरुवातीच्या भागात परत जा. अकराव्या लेव्हलच्या गेराल्टला, म्हणजे गेमच्या नायकाला, तिथले ड्राउनर आणि कुत्रे काही करू शकत नाहीत. तिथे झुकांडी आणि लोळण यातला फरक हाताला सापडू द्या. एकट्या शत्रूभोवती झुकांडी, चौघांनी घेरलं की लोळण. क्वेन ही ढालीची साइन लावून एक लढाई, न लावता एक. नोव्हिग्राडच्या बाहेर एखाद्या टोळीवर सराव करायला गेलात तर मराल, आणि मरणं हे या बैठकीत नको आहे.

पुढची दहा, सामान. इन्व्हेंटरीचं वजन मर्यादेबाहेर गेलं असेल तर गेराल्ट पळत नाही, आणि कित्येकांना वाटतं की बटण बिघडलं. तलवारी दुरुस्त करा, फालतू शस्त्रं नोव्हिग्राडच्या चौकात विका. कडक दारूची एक बाटली जवळ असली की एक तास ध्यान केल्यावर सगळी पोशन आणि बॉम्ब पुन्हा भरतात. पोशनं संपली म्हणून गेम कठीण वाटत होता, असं खूप जणांच्या बाबतीत इथेच लक्षात येतं.

शेवटची दहा, जर्नल. `J` दाबा आणि मुख्य क्वेस्टचा मजकूर वाचा. कोण कोणाला शोधतंय एवढं कळलं की पुरे. एकच क्वेस्ट ट्रॅक करा. मग सेव्ह करून बंद करा.

इथे थांबणं अवघड वाटेल, कारण हात आत्ताच बसलेला असतो. तरी थांबा. पुढच्या वेळी गेम उघडताना आपण काय करणार हे ठाऊक असेल, आणि तो उघडायला ओढ असेल.

होलो नाइटसारख्या गेममध्ये क्वेस्टचं जर्नल नसतं, तिथे शेवटची दहा मिनिटं नकाशाला द्या. डर्टमाउथला जा, इसेल्डाकडून खुणेच्या पिना घ्या, आणि जिथे रस्ता अडला होता त्या जागा नकाशावर टोचून ठेवा. पिना टोचता टोचता निम्मा गेम आठवतो.

सावधान: ही बैठक रात्री अकराला सुरू करू नका. दमलेल्या हाताने घेतलेला सराव "आता जमत नाही" असं पटवून जातो.

## टप्पा ६: कात्री लावा

कात्री लावताना सरसकट "फक्त मुख्य कथा" असं ठरवलंत तर गेमचा चांगला भागही जातो. द विचर ३ मधल्या काही जोडीच्या क्वेस्ट मुख्य कथेइतक्याच ताकदीच्या आहेत. नियम असा ठेवा: ज्या क्वेस्टमध्ये ओळखीचं पात्र आहे ती ठेवा, आणि जिथे नुसती पेटी किंवा घरटं आहे ते सोडा. ट्रिसची `Now or Never`, येनेफरची `The Last Wish` आणि डिक्स्ट्राची `Reason of State` या ठेवायच्या. स्केलिगेच्या समुद्रात तरंगणारी प्रश्नचिन्हं, म्हणजे तस्करांच्या पेट्या, एकही नको. होडी चालवण्यात तास जातात आणि हाती विकायचं सामान लागतं.

क्वेस्टच्या नावासमोर सुचवलेली लेव्हल असते. ती तुमच्यापेक्षा सहा किंवा जास्तीने खाली असेल तर नाव राखाडी दिसतं आणि अनुभवाचे गुण नाममात्र मिळतात. अशी क्वेस्ट फक्त गोष्टीसाठी करायची, ताकद वाढवायला नाही. उलट लेव्हलचा आकडा लाल दिसला की ती तुमच्या बरीच वर आहे, आत्ता जाऊ नका.

एका जागी मात्र घाई नडते. `The Isle of Mists` सुरू केली की अर्धवट राहिलेल्या बऱ्याच क्वेस्ट कायमच्या बंद होतात. गेम सूचना देतो, लोक ती वाचत नाहीत. `Now or Never` आणि `The Last Wish` त्याआधी संपवा, `Reason of State` नंतर येते पण तिच्याकडे नेणाऱ्या क्वेस्टही त्याआधीच उरका, आणि तिथे एक वेगळी सेव्ह ठेवा.

अवघडपणा उतरवायला लाजू नका. द विचर ३ मध्ये तो सेटिंगमधून कधीही बदलता येतो, आणि सर्वांत वरच्या पातळ्यांसाठी असलेल्या अचीव्हमेंट सोडल्या तर काही गमवावं लागत नाही. एकाच लढाईत तीनदा हरलात की एक पायरी उतरा, लढाई झाली की पुन्हा चढवा. चौथ्या-पाचव्या पराभवानंतर खेळाडू गेम बंद करतो आणि आठवडाभर उघडत नाही, मग पुन्हा टप्पा ५.

तपासणी: दर रविवारी एकच गोष्ट बघा, या आठवड्यात मुख्य कथेची एक तरी क्वेस्ट पुढे गेली का? दोन आठवडे सलग नाही गेली तर तुम्ही पुन्हा पसरलात.

## टप्पा ७: उठण्याआधी तीन ओळी

बैठक संपायच्या पाच मिनिटं आधी थांबा. लढाईच्या मधोमध उठू नका आणि क्वेस्ट संपवूनही लगेच उठू नका. पुढची क्वेस्ट घ्या, तिच्या ठिकाणापर्यंत जा, तिथे सेव्ह करा. पुन्हा उघडल्यावर दारात उभे असाल.

मग तीन ओळी लिहा: कुठे आहे, आता काय करायचंय, कशाची वाट बघतोय. स्टीमवर `Shift+Tab` दाबलं की `Notes` मिळतं. ते त्या गेमच्या नावाने साठतं आणि दुसऱ्या मशीनवरही दिसतं. एपिकच्या गेमसाठी मोबाइलवरची नोट चालेल. नमुना असा:

"नोव्हिग्राड, चौकात. ज्युनिअरच्या माणसांकडे जायचंय, आधी क्वेन लाव. स्केलिगेसाठी १६ लेव्हल सुचवलीय, मी १२ वर."

"छान चाललंय" किंवा "पुढे जा" असं लिहू नका, दोन आठवड्यांनी त्यातून काही कळत नाही. गणपतीचे दहा दिवस किंवा गावी जायचं असेल तर चौथी ओळ जोडा: कोणती बटणं सारखी चुकतात. परतल्यावर चाळीसऐवजी पंधरा मिनिटांत हात बसतो.

## टप्पा ८: नवे गेम कसे येऊ द्यायचे, जुने कधी सोडायचे

परतीच्या बैठकीनंतर दोन पूर्ण बैठका द्या. त्या दोन्हींत जास्त वेळ मेनूत किंवा मोबाइलवर गेला तर गेम "सोडले" मध्ये टाका आणि यादीतला पुढचा घ्या. कथेची उत्सुकता उरली असेल तर शेवट यूट्यूबवर बघायला हरकत नाही. तो बघितला की डोक्यात अडकून राहिलेला धागा सुटतो, आणि यादीकडे बघताना ते नाव खुपत नाही. फक्त "सोडलेल्या" गेमसाठीच हे करा. थांबवून ठेवलेल्या गेमचा शेवट बघितलात तर तोही सोडलेलाच धरा.

वर्गणीवरचे गेम वेगळ्या हिशोबात ठेवा. गेम पासवरून गेम काढले जातात आणि त्याची यादी काही दिवस आधी लागते. विकत घेतलेला गेम थांबतो, वर्गणीतला थांबत नाही. म्हणून चाळीस-पन्नास तासांचा गेम वर्गणीवर सुरू करताना महिना मोजून घ्या. अर्ध्यावर असताना तो निघाला तर तो विकत घ्यायचा की सोडायचा हे लगेच ठरवा, यादीत लटकत ठेवू नका.

एपिकवर दर गुरुवारी फुकट गेम येतो. घ्या, पण इन्स्टॉल करू नका आणि कागदावर लिहू नका. फुकट मिळालेला गेम यादीत तेव्हाच येतो जेव्हा तुम्ही त्याला एक तास देता.

स्टीमच्या उन्हाळी आणि हिवाळी सेलसाठी नियम सोपा आहे: चालू असलेल्या दोनपैकी एक संपला किंवा सुटला की एक घ्यायचा. घेतला की पुढच्या दोन आठवड्यांत त्याला दीड तास द्या. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर स्टीम पैसे परत देतं. सेलमध्ये पाच गेम एकदम घेणाऱ्याला हा वेळ सगळ्यांसाठी मिळत नाही, आणि त्यातले तीन पुढच्या वर्षी "आवडलाच नाही" या गटात निघतात, परतीची मुदत उलटून गेल्यावर. दीड तासाच्या त्या बैठकीत बटणं आणि पहिली लढाई एवढं जमलं का बघा. मेनूत पात्राचं तोंड बनवण्यात पाऊण तास घालवलात, तर तोही त्या दोन तासांतच मोजला जातो.